पॉलिसी परत करण्याचं कारण

सीताबर्डीवरच्या आमच्या विमा कंपनीच्या शाखेत मी कस्टमर सर्व्हिसच्या काउंटरवर बसते. लोक मला लतिका मॅडम म्हणतात, एजंट मागे आणखी काहीतरी म्हणतात, आणि मला दोन्हीचं काही वाटत नाही. इतकी वर्षं इथे बसून एक गोष्ट कळली आहे. माणूस विमा घेताना खोटं ऐकतो आणि परत करताना खोटं लिहितो. घेताना त्याला लाज वाटत नाही, परत करताना मात्र वाटते.

पॉलिसीचा कागद हातात पडल्यावर तो वाचायला ग्राहकाला तीस दिवस मिळतात. अटी पटल्या नाहीत तर कारण लिहून पॉलिसी परत करायची आणि पैसे घ्यायचे. याला फ्री-लूक म्हणतात. इतका सरळ नियम आहे, आणि तरी अर्जावर कारण काय असतं? ‘घरगुती अडचण’, ‘वैयक्तिक कारणास्तव’. एकानं तर ‘ग्रह अनुकूल नाहीत’ लिहिलं होतं. ‘मला एजंटनं फसवलं’ असं लिहिणारा शंभरात एखादा निघतो, कारण एजंट बहुतेक वेळा साडू, भाचा नाहीतर शेजारी असतो. आपल्याकडे माणसं पैसे बुडवून घेतील, पण नात्यातल्या चोराला चोर म्हणणार नाहीत. याला ते संस्कार म्हणतात.

मनोहरराव आले तेही ‘घरगुती कारणास्तव’ घेऊनच. यंदाचा अधिक महिना नुकताच संपला होता, उन्हाचा ताव काही उतरला नव्हता. धुतलेला पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात प्लास्टिकची पिशवी. पारशिवनीच्या तहसील कचेरीतून क्लार्क म्हणून रिटायर झालेले, आता हुडकेश्वरला घर बांधून राहतात, शेती गावाकडे ठेक्यानं दिलेली. जन्मभर लोकांचे अर्ज ‘त्रुटी पूर्ण करून आणा’ म्हणून परत पाठवलेला हा माणूस, आणि स्वतःच्या अर्जात तारीख नव्हती, पॉलिसी मिळाल्याचा दिवस नव्हता, आणि खरं कारण तर नव्हतंच.

मी खोदून विचारलं तेव्हा हळूहळू सगळं बाहेर आलं. बायकोच्या, म्हणजे रुखमाबाईंच्या, माहेरच्या शेताच्या वाट्याचे दोन लाख बँकेत ठेवले होते. बाईंचे दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक तरी ताबडतोब बदला. म्हणून ती ठेव मोडून पैसे तयार ठेवले होते. तेवढ्यात मोठे जावई जितेंद्र आले. हे आमच्याच कंपनीचे एजंट. अधिक महिना तोंडावर होता, म्हणजे जावयाच्या वाणाचा महिना. सासऱ्यांनी चांदीचं ताट काढायची तयारी केली, तर हे म्हणाले, ताट नको, तेहतीस अनारसे नको, आईची एक सही द्या, तेच माझं वाण. दोन लाख एकदाच भरायचे, तीन महिन्यांत व्याजासकट काढून घ्या, ऑपरेशन दिवाळीला करू.

सासू-सासरे गहिवरले. जावई ताट सोडून सही मागतो म्हणजे किती निर्लोभी! वाण म्हणून चांदीचं ताट घेतलं असतं तर वीस-पंचवीस हजारांत सुटका होती. निर्लोभी जावई फार महाग पडतो.

रक्त तपासायला लॅबचा माणूस घरी आला तेव्हा रुखमाबाईंनी विचारलं होतं, हे कशाला. जितेंद्र म्हणाला, ऑपरेशनच्या आधीची तपासणी, कंपनीतर्फे फुकट. त्या फुकट तपासणीचे बाराशे रुपये परताव्यातून कापले जातात, हे त्याला माझ्याइतकंच माहीत होतं.

मग पॉलिसीचं पाकीट कुरिअरनं आलं, आणि इथे मनोहररावांनी कमाल केली. पाकीट उघडलंच नाही. अधिक महिना लागलेला, नवीन कागद या महिन्यात कसा उघडायचा? त्यांनी पाकिटाला हळद-कुंकू लावलं आणि देवघरात विष्णूच्या तसबिरीपुढे ठेवून दिलं. महिनाभर रोज एक तुळशीपान त्यावर. तीस दिवस वाचायला दिलेले असतात, पूजा करायला नाही, हे माझ्या तोंडावर आलं होतं, पण मी गिळलं. महिना सरला तेव्हा धाकट्या मुलीनं, मिनलनं, पाकीट फोडलं आणि वाचून बापाला सांगितलं की दोन लाख एकदा नाही, दरवर्षी भरायचे आहेत, दहा वर्षं.

त्यांना वाटत होतं, आता उशीर झाला. मी कुरिअरची पावती पाहिली. पाकीट पोचल्यापासून तीस दिवस व्हायला अजून दोन दिवस बाकी होते. मी त्यांना धीर दिला, आणि कॉम्प्युटर उघडला, आणि माझाच धीर गेला.

आमच्या नोंदीत पॉलिसी कुरिअरच्या आठवडाभर आधी ई-मेलनं पोचलेली होती. ई-मेलनं मिळाली तरी मिळालीच, दिवस तिथूनच मोजायचे. त्या हिशेबानं मुदत संपून पाच दिवस झाले होते. पण ई-मेलचा पत्ता होता जितेंद्रचा. मोबाइल नंबरही त्याचाच. पॉलिसी देण्याआधी कंपनी ग्राहकाला पडताळणीचा फोन करते, तुम्हाला समजलं ना, किती वर्षं भरायचे ते माहीत आहे ना, तोही त्याच नंबरवर गेलेला. मी हेड ऑफिसमधल्या ओळखीच्या माणसाकडून त्या फोनचं रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. एका बाईचा आवाज, हळू आणि थोडा घाबरलेला. ‘हो, मीच रुखमाबाई. हो, दहा वर्षं. मला सगळं समजलं.’ मागे सिलिंग फॅनचा करकर आवाज. मला वाटलं, फोनवर बोलायला ठेवली असेल कोणी पोरगी. हल्ली एजंट तेही करतात.

मी मनोहररावांना स्पष्ट सांगितलं. अर्ज असा चालणार नाही. कारण लिहावं लागेल, आणि खरं लिहावं लागेल, की ई-मेल आमचा नाही, फोन आम्हाला आला नाही, पॉलिसी आम्हाला फक्त कुरिअरनं मिळाली. तसं लिहिलं नाही तर सिस्टीम ‘मुदतीबाहेर’ म्हणून अर्ज फेकून देईल. आणि दुसरं, पॉलिसी रुखमाबाईंच्या नावावर आहे, त्यामुळे सही त्यांची लागेल, तुमची नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. म्हणाले, ती खाली ऑटोत बसली आहे, जिना चढवत नाही. लिफ्ट बंद होती. आमची लिफ्ट बंदच असते.

एवढ्यात आमचे शाखाधिकारी केयूर साहेब केबिनमधून बाहेर आले. वय बत्तीस, टाय जूनमध्येही, आणि कंपनीच्या बक्षिसाच्या गोव्याच्या ट्रिपसाठी शाखेचा धंदा कमी पडत होता. पॉलिसी परत गेली की आकडा खाली येतो. त्यांनी ‘सर, सर’ करत मनोहररावांना खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं, हप्ता वार्षिकऐवजी महिन्याचा करून देतो म्हणाले, म्हातारपणाची काठी वगैरे म्हणाले. आणि एका हातानं जितेंद्रला फोन लावला.

जितेंद्र वीस मिनिटांत हजर. घामाघूम, हातात हेल्मेट. आल्या आल्या सासऱ्याच्या पाया पडला. मला या पाया पडण्याचा फार तिटकारा आहे. माणूस खाली वाकला की वरच्याला त्याचा चेहरा दिसत नाही, आणि तेच त्याला हवं असतं. मग त्यानं आवाज उतरवून सुरू केलं, मामाजी, टेन्शन नका घेऊ, आईचं ऑपरेशन माझी जिम्मेदारी, मी कुठून पण करीन. पण ई-मेलचं नका लिहू. तेवढं लिहिलं तर माझा कोड जाईल. कोड म्हणजे एजन्सी, म्हणजे भाकरी. ‘तुमच्या पोरीच्या घरात चूल नाही पेटणार मामाजी,’ असं तो म्हणाला, आणि हे वाक्य त्यानं गाडीवर येता येताच तयार केलं असणार.

मनोहररावांनी टेबलावरचा आपला अर्ज उचलला, चार घड्या घातल्या आणि खिशात ठेवला.

‘राहू द्या मॅडम,’ ते म्हणाले. ‘जवाईबापूच्या पोटावर पाय नाही देत मी. गुडघ्याचं काय, चालूनच राहिली ना ती इतके दिवस.’

मला इतका राग आला की कानशिलं तापली. गुडघे बायकोचे, पैसे बायकोचे, आणि मोठेपणा यांचा. तीन पुरुष एका टेबलाभोवती बसले होते आणि तिघांनी मिळून खाली ऑटोत बसलेल्या बाईचा निकाल लावून टाकला होता, तिला न विचारता. केयूर साहेबांनी तर मनोहररावांचा हातसुद्धा हातात घेतला. मी म्हटलं, अर्ज मागे घ्यायला तो आधी द्यावा लागतो, आणि तुम्ही दिलेला अर्ज कोऱ्या कागदाएवढाच आहे. पॉलिसी ज्यांची आहे त्यांना विचारते. केयूर साहेब म्हणाले, लतिकाताई, काउंटर सोडू नका. मी पॅड, पेन आणि पॉलिसीचं पाकीट घेतलं आणि जिना उतरले.

ऑटो लिंबाच्या सावलीत उभा होता. ड्रायव्हर पलीकडे चहा पीत होता. आत रुखमाबाई पाय लांब करून बसलेल्या, नऊवारी नाही, साधी सुती साडी, पायावर ओला टॉवेल. शेजारी मोठी मुलगी हर्षा, जितेंद्रची बायको. माहेरी आली होती, आणि आईला एकटी कशी सोडायची म्हणून सोबत आली होती. मी कोण ते सांगितलं. हर्षा म्हणाली, ‘हो, या ना. बाबांनी फोनवर सांगितलं मला.’

मी तो आवाज ओळखला. हळू, थोडा घाबरलेला. तासाभरापूर्वी तो माझ्या कानात होता.

मी आधी रुखमाबाईंना हिशेब सांगितला, कारण तो त्यांचा हक्क होता. दोन लाखांतून आतापर्यंतच्या दिवसांचा जोखमीचा हप्ता कापतील, पंधराशेच्या आसपास. स्टॅम्प ड्युटी चारशे. तपासणीचे बाराशे. एक लाख शहाण्णव हजार नऊशेच्या जवळपास परत मिळतील, अर्ज मिळाल्यापासून सात दिवसांत, तुमच्या खात्यात. ‘तपासनी तं फुकट होती,’ त्या म्हणाल्या. मी नाही म्हटलं. त्यांनी मान हलवली, जशी बाजारात वजन कमी निघाल्यावर हलवतात. मग मी सांगितलं की त्यासाठी काय लिहावं लागेल. ई-मेल तुमचा नाही. पडताळणीचा फोन तुम्हाला आला नाही.

‘नाहीच आला,’ रुखमाबाई म्हणाल्या. ‘मंग बोललं कोन?’

हर्षा रस्त्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होते. माझ्या पाहण्याचा तिला चटका बसला असावा. तिचे डोळे भरले, आणि मला त्या डोळ्यांची जरासुद्धा कीव आली नाही. चोरी करताना कोरडे असलेले डोळे नंतर भरले तर त्याचं कोणाला काय करायचं?

‘मी बोलली, आई,’ ती म्हणाली. ‘त्यांनी म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे. सहा पॉलिसी कमी पडून राहिल्या होत्या त्यांच्या. मले वाटलं, आपल्याच घरचं तं आहे.’

रुखमाबाईंनी पायावरचा ओला टॉवेल काढून बाजूला ठेवला. चहावाल्याचा स्टोव्ह भरभरत होता. मग त्यांनी विचारलं, फोनवर काय काय विचारलं होतं. हर्षानं सांगितलं, नाव, पत्ता, जन्मतारीख, हप्ता.

‘माही जन्मतारीख पाठ होती तुले,’ रुखमाबाई म्हणाल्या. ‘माहे गुडघे नव्हते वं पाठ?’

हर्षानं तोंडाला पदर लावला. मी पॅड उघडलं. रुखमाबाई सांगत गेल्या आणि मी त्यांच्या बोलण्याचा अर्ज करत गेले. पॉलिसी कुरिअरनं मिळाली ती तारीख. दहा वर्षं हप्ता भरायचा आहे हे कोणी सांगितलं नाही, एकदाच भरायचे म्हणून सांगितलं, ही अट मान्य नाही. अर्जातला ई-मेल आणि मोबाइल माझा नसून एजंटचा आहे. मूळ पॉलिसी, आधार आणि रद्द केलेला चेक सोबत जोडत आहे. कापायचं ते कापून उरलेली रक्कम याच खात्यात द्यावी, आणि कापलेल्याचा हिशेब लेखी द्यावा. हे शेवटचं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

फोनच्या ओळीवर मी थांबले. त्यांना म्हटलं, ‘माझ्याऐवजी दुसरी कोणी बाई बोलली’ असं लिहिलं तरी भागतं. मुलीचं नाव घालायलाच हवं असं नाही. त्यांनी मला विचारलं, नाव घातलं तर कागद जास्त पक्का होईल का. मी खोटं बोलले नाही. होईल, म्हटलं. मग कंपनीला वाद घालायला जागा उरणार नाही. ‘मंग लिहा,’ त्या म्हणाल्या. हर्षा ऑटोतून उतरून लिंबाच्या बुंध्यापाशी जाऊन उभी राहिली. रुखमाबाईंनी मांडीवर पॅड घेऊन सही केली, एकेक अक्षर सुटं.

वर आले तर केयूर साहेबांनी नवीन नियम काढला. कर्मचाऱ्यानं बाहेरून आणलेला अर्ज घेता येणार नाही, ग्राहकानं स्वतः काउंटरवर द्यावा. असा नियम नाही. अर्ज पोस्टानं येतो, ई-मेलनं येतो, कोणाच्याही हातानं येतो. मी हे सांगितलं. ते म्हणाले, या केसमध्ये सही माझ्यासमोर हवी, डिस्प्यूट आहे. दोन मजले चढता न येणाऱ्या बाईला चढायला लावलं की आजचा दिवस टळेल, उद्याचा टळेल, आणि परवा मुदत उलटेल, एवढंच त्यांचं गणित होतं. एम.बी.ए. करून माणूस एवढं शिकतो. मी तक्रार निवारण अधिकाऱ्यांना मेल लिहायला बसले, की अर्ज मुदतीत आला आणि शाखा घेत नाही. पहिलीच ओळ लिहून झाली होती, तेव्हा जिन्यातून आवाज आला.

रुखमाबाई चढत होत्या. त्यांना खाली जाऊन कोणी सांगितलं असेल, किंवा त्यांना आमची जात माहीत असेल. कठड्याला दोन्ही हात, एक पायरी, मग श्वास, मग दुसरा पाय ओढून त्याच पायरीवर. मागे हर्षा हात पुढे करून, आणि तो हात त्या घेत नव्हत्या. मनोहरराव धावत जिन्यात गेले, ‘अवं, काहून आली वर, मी होतो ना,’ म्हणाले. ‘तुमी होते म्हनूनच आली,’ त्या म्हणाल्या, आणि पुढची पायरी चढल्या. ऑफिसातले सगळे खुर्च्या मागे सारून उभे राहिले. केयूर साहेब मोबाइलमध्ये काहीतरी महत्त्वाचं शोधू लागले.

पैशांचं सांगून टाकते, म्हणजे कोणाला घोर नको. सातव्या दिवशी एक लाख शहाण्णव हजार आठशे चाळीस रुपये त्यांच्या खात्यात पडले, हिशेबाच्या कागदासकट. जितेंद्रची चौकशी अजून सुरू आहे. केयूर साहेबांना गोवा मिळाला नाही, त्याचं खापर त्यांनी माझ्यावर फोडलं आणि मी ते आनंदानं घेतलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी रुखमाबाई काउंटरपाशी पोचल्या तेव्हा त्यांच्या कपाळावरचं कुंकू घामानं नाकापर्यंत आलं होतं. जितेंद्रनं घाईनं खुर्ची पुढे केली. त्या म्हणाल्या, बसली तर उठता येत नाही मले. त्यांनी उभ्या उभ्याच केयूर साहेबांच्या समोर दुसऱ्यांदा सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि पोच मागितली. जितेंद्रनं कागदावर मान वाकवून वाचलं. फोनच्या ओळीवर त्याचा चेहरा उतरला. पहिल्यांदाच तो खरा घाबरलेला दिसला.

‘आई, हर्षाचं नाव आहे ह्यात,’ तो म्हणाला. ‘तुमच्या पोरीचं. उद्या तिले पण बोलावतील चौकशीले. असं कोणी पोरीचं नाव घेते का?’

रुखमाबाईंनी मागे वळून हर्षाकडे पाहिलं. ती दारातच उभी होती, आत यायला धजत नव्हती.

‘तिनं माहं नाव घेतलं होतं,’ रुखमाबाई म्हणाल्या. ‘मी तिचं घेतलं.’

मी तारखेचा शिक्का उचलला आणि पोचेच्या प्रतीवर मारला.